चौसष्ट स्लाइड आणि पंधरा मिनिटं: पीएचडीच्या वार्षिक रिव्ह्यूला काय दाखवायचं

पत्र: मॅडम, नमस्कार. मी कोल्हापूरला फिजिक्समध्ये पीएचडी करतेय, जुलै २०२३ चं ॲडमिशन आहे, जेआरएफ पण तेव्हापासूनच चालू आहे. विषय स्प्रे पायरोलिसिसने बनवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्म आणि नायट्रोजन डायऑक्साइडचं सेन्सिंग. पुढच्या महिन्यात तिसऱ्या वर्षाचा रिव्ह्यू आहे, कमिटीसोबत बाहेरचे एक एक्स्पर्ट पण येणार आहेत. पीपीटी ६४ स्लाइडची झालीय आणि वेळ १५ मिनिटं. मागच्या वर्षी कमिटीने लिहून दिलं होतं, ‘ऑब्जेक्टिव्ह्ज ढोबळ आहेत, पुढचा आराखडा स्पष्ट नाही.’ ऑब्जेक्टिव्ह्ज पाच आहेत: फिल्म बनवणं, कॅरॅक्टरायझेशन, गॅस सेन्सिंगचा अभ्यास, डोपिंगचा परिणाम, आणि प्रोटोटाइप सेन्सर. पहिली दोन झालीत, तिसरं ‘७५ टक्के’ झालंय, ॲल्युमिनियम डोपिंग केलं तर रिस्पॉन्स उलट कमी झाला, आणि प्रोटोटाइपला हातच लागलेला नाही. यातलं काय दाखवू, काय वगळू, आणि उरलेल्या वर्षांचा प्लॅन कसा मांडू? – व., कोल्हापूर

उत्तर: प्रिय व.,

आधी ६४ स्लाइडची ती फाइल तशीच सेव्ह करून बाजूला ठेव, डिलीट करू नकोस, त्यातल्या बऱ्याच स्लाइड शेवटी ‘थँक यू’च्या मागे बॅकअप म्हणून लागतीलच. आणि कोरी फाइल उघड. पंधरा मिनिटांत चौदा-पंधरा स्लाइड नीट बोलून होतात, त्याच्यावर गेलीस की शेवटची पाच मिनिटं नुसती स्लाइड पुढे ढकलण्यात जातात, आणि शेवटी नेमका आराखडा असतो, म्हणजे मागच्या वर्षी ज्याच्यावर बोट ठेवलं होतं तोच भाग परत घाईत उरकला जातो.

मी अशा कमिट्यांवर बसते म्हणून सांगते, टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला तू किती राबलीस ते मोजायचं नसतं, त्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय करायचं ठरलं होतं, त्यातलं नक्की किती हातात आलंय, आणि उरलेल्या महिन्यांत उरलेलं काम बसतं का. तुझी पीपीटी या तिन्हीचा एकमेकांशी मेळ घालून दाखवते की नाही एवढंच बघायचं. तू ज्या क्रमाने काम केलंस त्या क्रमाने स्लाइड लावल्यास तर हा मेळ दिसत नाही, कारण मग लिटरेचर सर्व्हे, मग सबस्ट्रेट क्लीनिंग, मग स्प्रे सेटअपचा फोटो, मग बारा एक्सआरडी असं वर्षभराचं डायरीवाचन होतं.

दुसरी स्लाइड, म्हणजे टायटलनंतर लगेच, मागच्या कमिटीच्या रिमार्कची ठेव. तीन रकाने पुरे: कमिटी काय म्हणाली, त्यावर मी काय केलं, आणि ते आज कुठल्या स्लाइडवर दिसेल. रिमार्क जसा मिनिट्समध्ये आहे तसाच, शब्द न बदलता लिही. एखाद्या रिमार्कवर काहीच झालं नसेल तर त्या रकान्यात ‘झालं नाही’ आणि कारण एका ओळीत. यूजीसीच्या २०२२ च्या रेग्युलेशनप्रमाणे आरएसीने, म्हणजे तुझा रिव्ह्यू घेणाऱ्या याच कमिटीने, प्रगती असमाधानकारक म्हटलं तर कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात, आणि त्या सुधारणा विद्यार्थ्याने केल्या नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द करण्याची शिफारससुद्धा कमिटी करू शकते, म्हणून मागच्या रिमार्कचं उत्तर ही शिष्टाचाराची स्लाइड नाही, ती तुझ्या फाइलला लागणारी नोंद आहे. बाहेरच्या एक्स्पर्टनी मागची मिनिट्स वाचलेली असतीलच असं धरून चालू नकोस.

आता ऑब्जेक्टिव्ह्ज. खरा घोळ इथे आहे आणि पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच येतात, म्हणून इथे जरा थांबूया.

‘गॅस सेन्सिंग गुणधर्मांचा अभ्यास करणे’ हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही. उद्या तू अजून दहा वर्षं अभ्यास केलास तरी कोणी म्हणू शकतं की अभ्यास अपुरा आहे, आणि एका दुपारचं रीडिंग घेऊनही कोणी म्हणू शकतं की झाला अभ्यास. म्हणूनच तुझ्या त्या ७५ टक्क्याला काही आधार नाही, ७५ टक्के कशाचे? ऑब्जेक्टिव्ह असं लिहायचं की ते झालं का नाही हे तिसऱ्या माणसाला तुला न विचारता ठरवता आलं पाहिजे. तुझं तिसरं ऑब्जेक्टिव्ह मी असं लिहीन: ‘झिंक ऑक्साइड फिल्मचा नायट्रोजन डायऑक्साइडला मिळणारा रिस्पॉन्स १ ते २० पीपीएममध्ये, १५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानाला मोजणे, योग्य ऑपरेटिंग तापमान ठरवणे, आणि त्या तापमानाला अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि इथेनॉलच्या तुलनेत सिलेक्टिव्हिटी तपासणे.’ लांबलं थोडं, पण यात गॅस कुठला, रेंज कुठली, तापमान कुठलं, आणि कशाशी तुलना हे सगळं आलं, आता मोजता येतं.

आणि रेंज लिहायला बसलीस ना की एक अडचणीचा प्रश्न आपोआप समोर येतो, जो बाहेरचे एक्स्पर्ट विचारणारच. तुझ्यासारख्या बहुतेक पीपीटींची सुरुवात शहरातल्या हवेच्या प्रदूषणाने होते, ट्रॅफिकचा फोटो, धूर, मग ‘म्हणून सेन्सर हवा’, आणि पुढे रीडिंग असतात १० ते १०० पीपीएमची. आपल्याकडे मोकळ्या हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडचं २४ तासांचं मानक आहे ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, ते पीपीबीत काढलं तर साधारण ४२ येतं, म्हणजे ०.०४ पीपीएमच्या आसपास. १०० पीपीएम म्हणजे त्याच्या दोन हजार पटीहून जास्त. मग तुझा सेन्सर शहराच्या हवेसाठी आहे असं तू म्हणू शकत नाहीस. पण कारखान्यात, ॲसिडच्या कामाच्या जागी गळती ओळखायला म्हणून म्हणू शकतेस, अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची कामाच्या जागेसाठीची कमाल मर्यादा ५ पीपीएम आहे, तेव्हा १ ते २० पीपीएम ही रेंज तिथे अगदी रास्त बसते. म्हणजे काय तर ऑब्जेक्टिव्हमधला एक आकडा नीट लिहिल्याने तुझी पहिली इंट्रोची स्लाइड बदलते, आणि आता १ आणि ५ पीपीएमची रीडिंग घ्यायची राहिली असतील तर तेही दिसतं, जे ‘७५ टक्के’मध्ये दिसत नव्हतं.

पहिली दोन ऑब्जेक्टिव्ह्ज मी एकत्र करीन, कारण फिल्म बनवणं आणि तिचं कॅरॅक्टरायझेशन हे वेगळे उद्देश नाहीतच, एक्सआरडी काढणं हा उद्देश कसा असेल, तो पुरावा आहे. ‘सबस्ट्रेट तापमान आणि द्रावणाचं कॉन्सन्ट्रेशन बदलून, ठरलेल्या जाडीची, एकसारखी, दर वेळी तशीच येणारी फिल्म मिळवणे’ हे ऑब्जेक्टिव्ह, आणि एक्सआरडी, एसईएम, बँड गॅप हे सगळं ते साधलं याचे दाखले. पण हे लक्षात ठेव, रजिस्ट्रेशनच्या वेळी मंजूर झालेली ऑब्जेक्टिव्ह्ज तू पीपीटीत मनाने बदलू शकत नाहीस. एकाच स्लाइडवर डावीकडे मंजूर वाक्य, उजवीकडे सुचवलेलं नवं वाक्य, आणि खाली ‘कमिटीची मान्यता मिळावी’ असं लिही. मान्यता मिळाली की ती मिनिट्समध्ये शब्दशः यायला हवी. शीर्षकाला धक्का लागत असेल तर तो वेगळा मामला, त्याला विद्यापीठाची निराळी प्रोसिजर असते, तुझ्या बाबतीत तशी गरज मला दिसत नाही.

प्रोटोटाइपचं काय करायचं ते खाली सांगते, आधी झालेलं काम.

इथे एक तक्ता कर, चार ऑब्जेक्टिव्ह्ज उभ्या ओळीत आणि आडव्या ओळीत चार टप्पे: सँपल तयार, डेटा घेतला, ॲनालिसिस झालं, लिहून झालं. टक्के कुठेही टाकू नकोस. ज्या चौकटीत काम अर्धवट आहे तिथे आकडा लिही, जसं ‘५ पैकी ३ तापमानं’, ‘४ पैकी २ गॅस’. पीएचडीत सगळ्यात फसवणारी जागा म्हणजे डेटा घेतला आणि ॲनालिसिस झालं यांच्यामधली, लॅपटॉपमध्ये फोल्डर भरलेले असतात म्हणून काम झालंय असं वाटत राहतं आणि ग्राफ काढायला बसलं की कळतं की बेसलाइन स्थिर होण्याआधीच गॅस सोडला होता, आता परत रीडिंग. तक्त्यात हे दोन रकाने वेगळे ठेवलेस की तुझं तुलाच आधी कळेल, तिथे कमिटीसमोर नको कळायला.

मग रिझल्टच्या पाच-सहा स्लाइड. एका स्लाइडवर एक ग्राफ, आणि स्लाइडचं शीर्षक म्हणजे त्या ग्राफने काय सांगितलं ते पूर्ण वाक्य. ‘गॅस सेन्सिंग रिझल्ट्स’ हे शीर्षक नको, ‘२०० अंशांवर रिस्पॉन्स सगळ्यात जास्त, २५० नंतर तो घटतो’ हे शीर्षक. बारा एक्सआरडी एकावर एक रचलेली स्लाइड काढून टाक, मागच्या रांगेतून त्यात काहीही दिसत नाही, त्यातली दोन ठेव, ज्या तापमानाला फिल्म नीट आली ती आणि जिथे नीट आली नाही ती, आणि ३४.४ अंशांच्या आसपासच्या ००२ पीकमध्ये दोघांत काय फरक पडला तेवढं बोल. बाकीच्या दहा बॅकअपमध्ये.

तापमान आणि रिस्पॉन्सचा हा एक ग्राफ जरा जवळून बघू, कारण तुझ्या विषयात सगळे प्रश्न याच्यावरच येतात. पहिला प्रश्न, रिस्पॉन्सची व्याख्या कुठली घेतली? झिंक ऑक्साइड एन-टाइप आहे, नायट्रोजन डायऑक्साइड ऑक्सिडायझिंग गॅस, तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो म्हणून रेझिस्टन्स वाढतो. आता कोणी गॅसमधला रेझिस्टन्स भागिले हवेतला रेझिस्टन्स घेतात, कोणी वाढ भागिले हवेतला रेझिस्टन्स आणि गुणिले शंभर. पहिल्या व्याख्येत ३ आलेला रिस्पॉन्स दुसऱ्या व्याख्येत २०० टक्के होतो. तू शेवटी जो तुलनेचा तक्ता लावतेस, ‘इतरांचं काम आणि माझं काम’, त्यात कोणाचे ३ आणि कोणाचे २०० शेजारी शेजारी बसलेले असतात आणि बघणाऱ्याला वाटतं केवढा फरक! सगळे एकाच व्याख्येत बदलून घे आणि ग्राफच्या कोपऱ्यात ते सूत्र लिही:

```
S(%) = (Rg - Ra) / Ra × 100
```

दुसरा प्रश्न एरर बारचा. ‘तीन सँपलवर घेतलं’ असं म्हणायचं आणि ते तीन सँपल म्हणजे एकाच फिल्मचे कापलेले तीन तुकडे, असं फार चालतं. त्यातून एका फिल्मच्या आतला फरक कळतो, तीच फिल्म परत बनवली तर काय येईल ते कळत नाही. स्प्रे पायरोलिसिसमध्ये तर हा फरक मोठा असतो, नोझल थोडं चोंदलं, हवेचा दाब हलला, हॉट प्लेटवर सेट केलेलं तापमान आणि काचेच्या पृष्ठभागावरचं खरं तापमान यांत अंतर पडलं की जाडीच बदलते. म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी स्प्रे केलेल्या तीन फिल्म हव्यात, आणि स्लाइडवर ‘३ स्वतंत्र डिपॉझिशन’ असं स्पष्ट लिहायला हवं. नसतील घेतल्या तर तसं लिही आणि प्लॅनमध्ये घाल, लपवलंस तर पहिल्याच प्रश्नाला ते बाहेर येतं.

आता ॲल्युमिनियम. हे वगळू का असं तुझ्या मनात आहे ते मला कळतंय, पण वगळू नकोस, पूर्ण एक स्लाइड दे त्याला. रिस्पॉन्स कमी झाला हा निकाल आहे, फक्त तो अजून अर्धा आहे. स्लाइडवर तीन गोष्टी मांड. काय दिसलं ते आधी, कुठल्या टक्क्याला, किती तापमानाला, किती फिल्मवर. मग शक्य कारणं, दोनच घे. एक असं की ॲल्युमिनियम डोनर आहे, त्याने इलेक्ट्रॉन वाढतात, मग गॅसने तेवढेच इलेक्ट्रॉन ओढले तरी एकूणाच्या मानाने बदल लहान दिसतो. दुसरं असं की डोपिंगने फिल्मचा पोतच बदलला, दाणे जोडले गेले, गॅसला चिकटायला जागा कमी झाली. आणि मग ही दोन कारणं वेगळी कशाने ओळखायची: हॉल मेझरमेंटने कॅरिअर कॉन्सन्ट्रेशन कळेल, एसईएममध्ये दाण्यांचा आकार दिसेल, म्हणून या दोन टेस्ट अमुक महिन्यात. अजून एक, द्रावणात ४ टक्के ॲल्युमिनियम घातलं म्हणजे फिल्ममध्ये ४ टक्केच गेलं असं नसतं, ईडीएक्सने खरं प्रमाण बघितलंस का ते विचारतील, ‘द्रावणातलं प्रमाण’ असं स्लाइडवर लिहिलेलं असलं तर निदान चुकीचा दावा तरी होणार नाही. बाहेरून आलेल्या माणसाला बरेचदा हीच स्लाइड सगळ्यात जास्त आवडते, कारण इथे विद्यार्थी विचार करताना दिसतो.

झालं, आता प्लॅन. तुझी जी गँट चार्टची स्लाइड असेल, रंगीत पट्ट्या, २०२६ पासून २०२९ पर्यंत, शेवटची पट्टी ‘थिसिस रायटिंग’, ती मला न बघताच माहितेय. तिच्यात चूक अशी आहे की ती आजपासून पुढे काढलेली आहे. प्लॅन शेवटाकडून मागे काढायचा.

तारखा मांडूया. जुलै २०२३ ची ॲडमिशन, नियमाने कमाल सहा वर्षं, म्हणजे जुलै २०२९. त्यापुढे री-रजिस्ट्रेशनने दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, पण ती अडचणीसाठी आहे, तिच्यावर आराखडा बांधायचा नसतो. आणि तुझी फेलोशिप? जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पाच वर्षं, म्हणजे जून २०२८ ला पैसे थांबतात. एसआरएफला महिना ४२,००० मिळतात, ते बंद झाल्यावर घरभाडं भरत थिसिस लिहिणं काय असतं ते सीनियर्सना विचार. म्हणजे रेग्युलेशन सहा वर्षं म्हणतं आणि खिसा पाच म्हणतो, तुझा प्लॅन पाचाचा हवा. स्लाइडवर या दोन्ही तारखा लाल रेषेने दाखव.

आता मागे चल. फेलोशिप जून २०२८ ला संपते तर सबमिशन एप्रिल २०२८ ला धर, दोन महिने हातात राखून. त्याआधी प्री-सबमिशन सेमिनार, त्यात आलेल्या सूचना थिसिसमध्ये घालायच्या, शिवाय प्लेजरिझम रिपोर्ट, लायब्ररीची, हॉस्टेलची, अकाउंट्सची नो ड्यूज, तेव्हा सेमिनार फेब्रुवारी २०२८ ला. सेमिनारला उभं राहायचं तर पूर्ण ड्राफ्ट गाइडकडून एकदा तरी तपासून आलेला हवा, आणि गाइडकडे तुझी एकटीचीच फाइल नसते, म्हणून लिखाणाला आणि तपासणीला मिळून सहा महिने, ऑगस्ट २०२७ ते जानेवारी २०२८. म्हणजे लॅबमधलं काम जुलै २०२७ ला बंद. आज कागदावर तुला ‘अजून तीन वर्षं’ दिसतायत ना, त्यातले प्रयोगाचे निव्वळ बारा-तेरा महिने आहेत. हे गणित असंच्या असं एका स्लाइडवर घाल, कमिटीला आराखडा स्पष्ट नाही असं परत म्हणता येणार नाही.

बरं, हे बारा-तेरा महिनेही सलग तुझे नाहीत. मार्चमध्ये ग्रँटच्या हिशोबाची धावपळ असते, त्या सुमाराला दिलेली ऑर्डर कधी नव्या आर्थिक वर्षात ढकलली जाते, आणि कॅलिब्रेटेड गॅसचा सिलिंडर संपला असेल तर सेन्सिंग बंदच. एसईएम, एक्सपीएससाठी सँपल सेंट्रल फॅसिलिटीला जातात तिथे नंबर लागतो. किती दिवस धरायचे? अंदाजाने लिहू नकोस, तुझी मागची दोन-तीन बुकिंग काढ, रिक्वेस्ट केल्याची तारीख आणि डेटा हातात आल्याची तारीख बघ, त्यातली जास्तीची घे.

आणि कामांचा क्रम लावताना ज्या कामाला कॅलेंडरच लागतं ते आधी सुरू कर. तुझ्याकडे असं काम स्टॅबिलिटीचं आहे, प्रोटोटाइपऐवजी तेच घे असं मी खाली सांगणार आहे. ९० दिवस फिल्म ठेवून दर पंधरा दिवसांनी रिस्पॉन्स बघायचा तर त्याला ९० दिवसच लागणार, तू रात्रंदिवस लॅबमध्ये बसलीस म्हणून ते ३० होत नाहीत. बहुतेक जण हे शेवटी ठेवतात कारण ‘आधी बेस्ट फिल्म मिळू दे’, आणि मग लिखाणाच्या काळात लॅबच्या चकरा चालू राहतात. तुझ्याकडे शुद्ध झिंक ऑक्साइडची ठीक फिल्म आजच आहे, रिव्ह्यू झाल्या झाल्या जुलैत तिचे तीन स्वतंत्र सँपल डेसिकेटरमध्ये लाव, डोप केलेल्याची मालिका नंतर वेगळी लागेल. ह्युमिडिटीचंही तसंच. कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर लॅबच्या हवेत ओल असते, त्या दिवसांत फिल्मचा बेसलाइन रेझिस्टन्सच हलतो, स्प्रेवरही परिणाम होतो. म्हणून फिल्म बनवण्याची मोठी बॅच ऑक्टोबर ते मे, आणि ह्युमिडिटीचा अभ्यास पावसाळ्यात, पण ‘आज बाहेर दमट आहे’ अशा भरवशावर नको, बंद चेंबरमध्ये संपृक्त मिठाची द्रावणं ठेवून, मॅग्नेशियम क्लोराइडने साधारण ३३ टक्के, साध्या मिठाने ७५, पोटॅशियम सल्फेटने ९७. सेन्सर दोनशे अंशांवर चालतो म्हणून ओल चालेल असं गृहीत धरू नकोस, पाण्याची वाफ पृष्ठभागावरच्या जागा अडवते, आणि हे तू मोजलंय का हा प्रश्न ठरलेला आहे.

प्लॅनमध्ये एक निर्णयाची तारीख टाक, ही गोष्ट फार कमी जणांच्या पीपीटीत असते. उदाहरणार्थ: ‘डिसेंबर २०२६ पर्यंत ॲल्युमिनियम डोपिंगचं कारण हॉल आणि एसईएममधून स्पष्ट झालं नाही, तर ॲल्युमिनियम तिथेच थांबवून पॅलेडियमच्या लेपाची एकच मालिका घेईन, आणि ती मार्च २०२७ ला बंद करीन.’ म्हणजे अडलं तर काय हे आधीच ठरलंय असं दिसतं. पेपरच्या बाबतीत प्लॅनमध्ये ‘पब्लिश’ लिहू नकोस, ‘सबमिट’ लिही, रिव्ह्यूअर कधी उत्तर देईल ते तुझ्या हातात नाही. २०२२ च्या रेग्युलेशनमध्ये पेपरची सक्ती ठेवलेली नाही, तरी तुझ्या विद्यापीठाच्या ऑर्डिनन्समध्ये काय आहे ते स्वतः वाच, विभागात कोणी तरी सांगितलं यावर राहू नकोस, आणि जो नियम लागू असेल त्याचा नंबर बॅकअप स्लाइडवर ठेव.

आता प्रोटोटाइप. बारा-तेरा महिन्यांच्या त्या हिशोबात तो बसत नाही, हे तुला वरचं गणित मांडल्यावर दिसेलच. सर्किट, हीटर, पॅकेजिंग, कॅलिब्रेशन, हे एका स्वतंत्र माणसाचं काम आहे आणि तुमच्या लॅबमध्ये त्याची साधनं आहेत असं पत्रावरून वाटत नाही. तेव्हा गप्प राहून पुढच्या वर्षी परत ‘प्रलंबित’ लिहिण्यापेक्षा याच रिव्ह्यूत मांड: ‘ऑब्जेक्टिव्ह ५ ऐवजी, निवडलेल्या फिल्मची ९० दिवसांची स्टॅबिलिटी आणि तीन ह्युमिडिटी पातळ्यांवरचा रिस्पॉन्स मोजणे.’ ही प्रत्यक्ष वापराच्या दिशेचीच गोष्ट आहे, त्यामुळे मूळ उद्देशापासून तू पळतेयस असं होत नाही, आणि ती तुझ्या सेटअपवर होते. गाइडशी मात्र हे आधी बोल, अगदी नक्की. कमिटीसमोर गाइड पहिल्यांदा ऐकतायत असं झालं तर चांगला प्रस्तावही अडकतो. पीपीटी त्यांना निदान आठवडाभर आधी दे, रिव्ह्यूच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नको.

त्याच आठवड्यात एक कंटाळवाणं काम उरकून घे, लेखी प्रोग्रेस रिपोर्ट आणि पीपीटी शेजारी उघडून सगळे आकडे जुळव. रिपोर्ट महिनाभर आधी दिलेला असतो, मध्ये तू ग्राफ परत काढतेस, आणि मग रिपोर्टमध्ये ऑपरेटिंग तापमान १८० आणि स्लाइडवर २००. कमिटीपुढे रिपोर्टच असतो, आणि एक आकडा असा सापडला की मग सगळेच तपासले जातात.

शेवटची स्लाइड ‘थँक यू’ची ठेवायची असेल तर ठेव, पण तिच्या आधी कमिटीकडून काय हवंय त्याची स्लाइड हवी. तुझ्या बाबतीत तीन मागण्या: ऑब्जेक्टिव्ह १ आणि २ एकत्र करायला आणि ३ च्या नव्या शब्दांना मान्यता, ऑब्जेक्टिव्ह ५ बदलायला मान्यता, आणि हॉल मेझरमेंट बाहेरून करून घ्यायला शिफारस. प्रश्नोत्तरं चालू असताना हीच स्लाइड पडद्यावर राहू दे. मग मिनिट्सची कॉपी मागून घे, आठवड्याभरात नाही आली तर विभागाच्या ऑफिसात लेखी मेल टाक, आणि आली की त्यात नव्या ऑब्जेक्टिव्हचे शब्द तू मांडलेत तसेच आहेत का ते वाच, फरक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घे, सहा महिन्यांनी पुढच्या आरएसीत तेच शब्द तुझ्या दुसऱ्या स्लाइडवर येणार आहेत.